लंगडणारा मुलगा, खुब्याचा एक्स-रे आणि 'बेडूक पोझ': पर्थेस की आणखी काही?

अद्वैतचा_बाबा (सोमवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. वजन ६१ किलो, म्हणजे अंगाने जरा भरलेलाच. गेल्या दीड महिन्यापासून उजवा गुडघा दुखतो म्हणतोय. पडला नाही, कुठे आपटला नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, नॉर्मल आला. "वाढीचं वय आहे, दुखणारच" म्हणून कॅल्शियम आणि गुडघ्याला क्रेप बँडेज. माझ्या आईने रोज रात्री तेल लावलं. पंधरा दिवस बरं वाटलं, मग लंगडणं सुरू झालं. रविवारी आजोबांबरोबर पर्वती चढतो, परवा अर्ध्यावरून परत आला.

मग एकाने सुचवलं म्हणून खुब्याचा एक्स-रे काढला. झोपवून, समोरून, एकच. रिपोर्टमध्ये हाडांत ठळक दोष नाही असं लिहिलंय. शनिवारी हाडांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्म बघितली आणि चिठ्ठी पाठवली: 'फ्रॉग लेग लॅटरल, दोन्ही बाजू'. प्रत्यक्ष अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला पर्थेस नावाचा खुब्याच्या हाडाचा आजार झाला होता. ती म्हणते, अगदी हेच, असंच लंगडायचा, घाबरू नकोस, दोन-तीन वर्षांत आपोआप भरून येतं.

प्रश्न तीन. एक, हे पर्थेसच असेल का? दोन, एक एक्स-रे नॉर्मल असताना दुसरा कशाला, उगाच किरणं? तीन, बुधवारपासून सहामाही आहे. एक्स-रे शुक्रवारी अपॉइंटमेंटच्या वेळीच काढला तर चालेल ना?

---

उगाच_खवचट (रात्री ११:०४)

दुपारी १ ते ४ सोडून कधीही काढा.

(प्रतिसाद गंभीर लोकांनी द्यावेत, मी जागा अडवून ठेवली.)

---

माहितगार_माणूस (रात्री ११:१५)

पर्थेस नाही. पर्थेस बारीक, चळवळ्या मुलांना होतो, ४ ते ८ वयात. तुमचा मुलगा १२ चा आणि वजनदार, म्हणजे स्किफी. खुब्याच्या गोळ्याखाली हाड जिथे वाढतं ती चकती, म्हणजे ग्रोथ प्लेट, सरकते. बारीक मुलगा पर्थेस, जाड मुलगा स्किफी, इतकं सोपं आहे. फ्रॉगबिग सोडा, सरळ एमआरआय करून टाका, सगळं एकदम कळेल.

---

योगिनी६२ (मंगळवार, सकाळी ६:१०)

फ्रॉग लेग म्हणजे काय म्हणून शोधलं, तर हे आपलं बद्धकोणासनच आहे! तळवे जुळवून गुडघे बाहेर. खुब्यासाठी उत्तम. रोज सकाळी पाच मिनिटं, आईने गुडघ्यांवर हलका दाब द्यायचा. माझ्या वर्गात एका बाईंचा खुबा यानेच मोकळा झाला. तेलाबरोबर हेही सुरू करा.

---

किरणवाली (सकाळी ७:३५)

योगिनीताई, कृपा करून हे सांगू नका. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, चौदा वर्षं फिल्म काढतेय. बाबा, गुडघ्यावर दाब अजिबात देऊ नका आणि आजींना आजपासून मालीशही थांबवायला सांगा. कारण खाली लिहिते.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये पुढची आणि मागची वस्तू एकावर एक पडते. घरात उतरंड रचलेली आहे असं समजा. समोर उभं राहून बघितलं तर वरचं मडकं मागे चार बोटं सरकलंय हे कळतच नाही, ते खालच्यावर नीट बसल्यासारखंच दिसतं. बाजूला जाऊन बघितलं की काळजाचा ठोका चुकतो. ग्रोथ प्लेट सरकते तेव्हा खुब्याचा गोळा मुख्यतः मागच्या बाजूला जातो. म्हणून समोरची फिल्म साळसूद दिसू शकते.

आता बाजूने खुबा बघायचा तर मोठी अडचण अशी की दुसरा खुबा मध्ये येतो. म्हणून ही युक्ती. पोराला पाठीवर झोपवायचं, गुडघे वाकवायचे, तळवे एकमेकांना लावायचे आणि गुडघे दोन्हीकडे सोडायचे. असं केलं की मांडीचं हाड स्वतःच कुशीवर वळतं. मशीन वरूनच राहतं, पण आपल्याला त्या हाडाच्या मानेची आणि वरच्या गोळ्याची बाजू दिसते. शिवाय दोन्ही खुबे एकाच फिल्मवर, त्यामुळे चांगल्या बाजूशी ताडून बघता येतं. मी फक्त एवढंच बघते की कंबर एका बाजूला कललेली नाही. कलली तर तुलनेत काही अर्थ उरत नाही. दुखणाऱ्या बाजूचा गुडघा कमी खाली गेला तर जेवढा जातो तेवढाच, मग दुसराही तेवढाच ठेवते.

आणि दाब कधीच देत नाही. आमच्याकडे लंगडणारं पोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "बाळा, चालत आलास की उचलून आणलं?" उचलून आणलं असेल, पाय जमिनीला टेकवतच नसेल, तर मी त्याला बेडूक करत नाही. डॉक्टरांना फोन करते. ग्रोथ प्लेट ताजी सुटलेली असेल तर पाय फाकवताना ती आणखी सरकू शकते. तेव्हा आडवा लॅटरल काढायचा: दुखरा पाय जसाच्या तसा, चांगला पाय वर उचलून धरायचा आणि बाजूने शूट करायचं. फिल्म तेवढी सुंदर येत नाही, पण पोर सुखरूप राहतं.

अद्वैत चालत येतोय ना? मग फ्रॉग काढता येईल. पण शुक्रवारपर्यंत थांबू नका असं माझं मत. बाकी डॉक्टर मंडळी सांगतील.

---

योगिनी६२ (सकाळी ७:५०)

बरं बाई. माझ्या वर्गातल्या बाई ६८ वर्षांच्या होत्या, हे लिहायचं राहिलं.

---

लंगडीपटू (सकाळी ९:२२)

पर्थेसवाला हजर. माझा जन्म १९८४ चा, सातव्या वर्षी डावा खुबा. लंगडत होतो पण दुखत फारसं नव्हतं, त्यामुळे "नाटकं करतो" असं सहा महिने ऐकून घेतलं. मग आजोबांनी खुब्याचा क्षय म्हणून धसका घेतला, हातावर क्षयाची चाचणी झाली, ती काही निघाली नाही. शेवटी दोन्ही पायांना प्लास्टर आणि मध्ये आडवी काठी, पाय फाकलेले. वाड्यातल्या दारातून मला तिरकं करून न्यायचे, कपाट नेतात तसं. प्लास्टर बदलत बदलत काही महिने गेले, मग नुसती देखरेख. आज डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे, बुटात टाच घालतो. सिंहगड चढतो, उतरताना शिव्या देतो.

सांगायचा मुद्दा, बाबा, घाबरू नका. पर्थेसमध्ये दोन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. परीक्षा होऊ द्या, मग निवांत दाखवा. लोक इथे उगाच घाबरवतायत.

---

जुनी_फिल्म (सकाळी १०:४०)

मी निवृत्त रेडिओलॉजिस्ट. खुब्याच्या फिल्म प्रकाशपेटीवर लावून बघण्यात आयुष्य गेलं, म्हणून हे नाव.

लंगडीपटू, तुमचं म्हणणं पर्थेसबाबत बरोबर आहे आणि म्हणूनच या मुलाच्या बाबतीत धोक्याचं आहे. पर्थेसमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठा आटतो, हाड मरतं, ढासळतं आणि मग नवं हाड भरतं. हा सगळा कारभार दोन ते चार वर्षं चालतो. तिथे निर्णय महिन्यांच्या हिशोबाने घेतले जातात. ग्रोथ प्लेट सरकते तेव्हा हिशोब तासांचा आणि दिवसांचा असतो. आज लंगडत चालणारा मुलगा उद्या शाळेच्या जिन्यावर पाय घसरून पडला आणि प्लेट पूर्ण सुटली, की तो उभाही राहू शकत नाही. मग गोळ्याचा रक्तपुरवठा जाण्याची भीती कैक पटींनी वाढते. म्हणजे आजची सरकलेली प्लेट उद्या गोळा मारू शकते. परीक्षा वगैरे सोडून द्या.

माहितगार, वयाचं तुम्ही बरोबर सांगितलं. पण जाड-बारीक हा नियम करू नका. मी काटकुळ्या मुलांच्याही प्लेटा सरकलेल्या पाहिल्यात. उलट मूल १० वर्षांच्या आतलं किंवा अंगाने किरकोळ असेल तर थायरॉईड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या आवर्जून करायच्या असतात. आणि पर्थेस कधी कधी १०-११ व्या वर्षीही भेटतो. वय इशारा देतं, निकाल फिल्म देते. एमआरआय वाईट नाही, दोन्ही फिल्म साध्या आल्या आणि शंका उरली तर तोच करायचा. पण एमआरआयची तारीख मिळेपर्यंत पोरगं शाळेचे जिने चढत राहणार. फ्रॉग फिल्म दहा मिनिटांत हातात येते.

किरणवाली, उतरंड आवडली, फक्त एक दुरुस्ती. वरचं मडकं, म्हणजे गोळा, जागेवरच असतं, खुब्याच्या वाटीत घट्ट बसलेलं. खालची मान पुढे आणि वर सरकते आणि पाय बाहेर वळतो. म्हणून या मुलांचं पाऊल चालताना बाहेर पडतं. बाबा, अद्वैतचं पडतं का?

---

अद्वैतचा_बाबा (सकाळी ११:३०)

ऑफिसमधून लिहितोय, हात थरथरतायत. हो, पडतं. मला वाटलं लंगडताना तसं होत असेल. आणखी एक आठवलं. तो सायकलने शाळेत जातो. गेल्या महिन्यात मी मागे स्कूटरवर होतो, तेव्हा दिसलं की पॅडल मारताना त्याचा उजवा गुडघा प्रत्येक फेरीला हँडलच्या बाहेर फेकला जातो. डावा सरळ वर येतो. मी ओरडलो होतो, "नीट चालव, रिक्षा घासून जाईल." तो म्हणाला, "बाबा, तो असाच जातो." सीट वर करून दिली मी.

---

फिजिओ_वारजे (सकाळी ११:४८)

बाबा, हे तुम्ही जे सायकलवर पाहिलंत तेच आम्ही तपासणीत बघतो. मुलाला झोपवून गुडघा हळूच पोटाकडे वाकवायचा. चांगला गुडघा सरळ छातीकडे येतो. प्लेट सरकलेली असली की गुडघा आपोआप बाहेर, काखेच्या दिशेने वळतो, कारण पुढे आलेली मान वाटीच्या काठाला अडते. घरी करून बघू नका, सायकलने करून दाखवलंय तेवढं पुरे. सायकल आजच बंद.

गुडघ्याबद्दल सगळे विचारतात म्हणून: खुब्याची दुखरी बातमी ज्या नसेवरून जाते, तिची एक फांदी गुडघ्याकडेही जाते. मेंदूला पत्ता चुकीचा लागतो. त्यामुळे लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखतो आणि गुडघ्याची फिल्म चांगली येते, तेव्हा वर खुबा बघितलाच पाहिजे. आमच्याकडे गुडघ्याच्या व्यायामासाठी पाठवलेली दोन मुलं आम्हीच परत पाठवली होती.

---

नऱ्हेची_निशा (दुपारी १२:०५)

माझी मुलगी ५ वर्षांची असताना अशीच लंगडत होती. सर्दी-ताप झाला, आठवड्याने सकाळी उठली तर पाय टेकवेना. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसलं. चार दिवस आराम आणि औषध, सहाव्या दिवशी पळायला लागली. मग मला कळत नाही, प्रत्येक लंगडण्याला इतकं घाबरायचं का?

---

जुनी_फिल्म (दुपारी १२:४०)

निशाताई, लहान वयात तापानंतरचं ते पाणी सगळ्यात जास्त दिसतं आणि तुमची मुलगी तशी बरी झाली हे छानच. पण तिथेही एक अट आहे: ताप चढलेला असेल आणि मूल पाय हलवूच देत नसेल, तर सांध्यात पू नाही ना हे त्याच रात्री ठरवावं लागतं. अद्वैतला दीड महिना झालाय, ताप नाही, वय १२. रांग वेगळी आहे.

---

माहितगार_माणूस (दुपारी १:१०)

रांग मान्य. जाड-बारीकचा आग्रह मागे घेतो. पण समोरच्या फिल्मवर एक रेष ओढून कळतं असं वाचलंय. बाबा, फिल्म घरी आहे ना? पट्टी घ्या.

---

उगाच_खवचट (दुपारी १:१२)

१ ते ४ मध्ये पट्टी मिळाली तर.

---

अद्वैतचा_बाबा (दुपारी २:२०)

हाफ डे टाकून घरी आलोय. बायकोने आधीच फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावून ठेवली होती. कुठली रेष?

---

जुनी_फिल्म (दुपारी २:४५)

मला हे करायला लावायचं नव्हतं, पण लावलीच आहे तर ऐका. मांडीच्या हाडाची जी तिरकी मान वर वाटीकडे जाते, तिच्या वरच्या कडेला पट्टी टेकवा आणि पट्टी तशीच पुढे गोळ्याकडे जाऊ द्या. चांगल्या खुब्यात गोळ्याचा थोडा भाग पट्टीच्या बाहेर उरतो, म्हणजे रेष गोळ्याचा एक काप काढते. सरकलेल्या खुब्यात काप लहान होतो किंवा रेष गोळ्याला न लागताच निघून जाते. दोन्ही बाजूंना करा आणि काप मोजा. दोन मिलिमीटर किंवा जास्त फरक असेल तर मला चैन पडत नाही.

मात्र उलटं करू नका. दोन्ही काप सारखे आले म्हणजे सुटलो असं नाही. नुसती मागे सरकलेली प्लेट या रेषेला चकवते, तिच्यासाठीच फ्रॉग.

---

अद्वैतचा_बाबा (दुपारी ३:०५)

डावीकडे काप साधारण ५ मिलिमीटर. उजवीकडे पट्टी चाटून जाते. बायको म्हणते २, मी म्हणतो २ पण नाही. आणि आता तुम्ही सांगितल्यावर दिसतंय, उजवीकडे गोळा आणि मान यांच्यामधली काळी रेघ डावीपेक्षा जाड आणि पुसट आहे. रिपोर्टवाल्यांना कसं दिसलं नाही?

---

किरणवाली (दुपारी ३:११)

आता रिपोर्ट करणाऱ्याला दोष देऊन वेळ घालवू नका. सायकल नाही, जिना नाही, शाळा नाही. दाराशी गाडी आणा, शक्य तेवढं उचलून बसवा, आजच जा. आणि जिथे फिल्म काढाल तिथे आधी सांगा: "प्लेट सरकल्याची शंका आहे, सावकाश."

---

लंगडीपटू (दुपारी ३:३०)

मी माझा सकाळचा सल्ला मागे घेतो. मला वाटलं खुबा म्हणजे माझाच खुबा.

---

सातारारोड (संध्याकाळी ५:५५)

विषयांतराबद्दल माफी. एक्स-रेच्या वेळी मुलांच्या पोटाखाली शिशाचा तुकडा ठेवतात ना? मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या वेळी ठेवला नाही. भांडणं झाली आमची.

---

किरणवाली (रात्री ८:२०)

पूर्वी आम्ही नेहमी ठेवायचो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेहमीची ही पद्धत थांबवावी असं सांगितलं. एक म्हणजे हल्लीच्या मशीनला किरणं खूप कमी लागतात. दुसरं, तो तुकडा नेमका खुब्यावर सरकला तर फिल्म वाया जाते आणि परत काढावी लागते, म्हणजे दुप्पट डोस. शिवाय मशीन आपोआप डोस ठरवत असेल तर शिसं समोर आल्यावर ती आणखी जोर लावते. अजूनही काही ठिकाणी ठेवतात. मी पालकांचा आग्रह असेल तर ठेवते, पण आधी सांगते की एक चांगली फिल्म दोन वाईट फिल्मांपेक्षा बरी.

बाबांना उत्तर द्यायचंच राहिलं होतं: खुब्याच्या एका फिल्मला आपल्याला जमिनीतून-आकाशातून काही आठवड्यांत ते काही महिन्यांत मिळतात तेवढी किरणं लागतात. तेवढ्यासाठी दुसरी फिल्म टाळणं महागात पडतं.

---

अद्वैतचा_बाबा (रात्री ११:४०)

हॉस्पिटलच्या बाकावरून लिहितोय.

फ्रॉग फिल्म काढली. डॉक्टरांनी मला उभं करून दाखवली. डावीकडे गोळा मानेवर नीट बसलाय, टोपी डोक्यावर बसते तसा. उजवीकडे टोपी मागे कलली आहे. मला मराठीत कसं सांगू, पाच वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. समोरच्या फिल्मवर दुपारभर पट्टी लावून जे कळत नव्हतं ते या फिल्मवर दारातून दिसत होतं.

त्यांनी कोन मोजला. उजवा ३८ अंश, डावा १२, म्हणजे सरकणं २६. तीसच्या आत सौम्य म्हणतात. चालत होता म्हणून स्थिर. सौम्य आणि स्थिर, दोन्ही शब्द मी चार वेळा विचारून घेतले. एक्स-रेच्या टेबलावरून त्याला पायावर उतरू दिलं नाही, थेट स्ट्रेचर. उद्या सकाळी स्क्रू.

मी विचारलं, सरकलेलं ओढून परत जागेवर नाही का आणणार? म्हणाले, नाही. ओढाताण केली तर गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. जिथे आहे तिथेच एक स्क्रू, प्लेट ओलांडून गोळ्याच्या मधोमध, पण सांध्यात टोक जाऊ न देता. प्लेट मग मिटते आणि पुढे सरकायचं थांबतं. थायरॉईड आणि डी जीवनसत्त्वाचं रक्त पाठवलंय.

अद्वैत विचारतोय, गणिताचा पेपर चुकणार का. हो म्हटलं. तो खूश आहे.

---

उगाच_खवचट (रात्री ११:४४)

त्याला सांगा, भूमिती इथेच झाली. कोन मोजला, रेष ओढली.

काळजी घ्या बाबा. मनापासून.

---

नऱ्हेची_निशा (बुधवार, सकाळी ८:१५)

बरं झालं गेलात. एक खुळा प्रश्न. फ्रॉग फिल्म प्लेट सरकली की नाही यासाठी, हे समजलं. पण मग पर्थेसमध्ये फ्रॉग का काढतात? तिथे काही सरकत नाही ना? माझ्या नणंदेच्या मुलाचे दर वेळी दोन्ही काढतात.

---

जुनी_फिल्म (सकाळी १०:०५)

खुळा नाही. हा प्रश्न मला एमडीच्या विद्यार्थ्यांनीही विचारलेला नाही.

पर्थेसमध्ये गोळ्याचा पुढचा भाग सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मरतो. समोरच्या फिल्ममध्ये या पुढच्या भागावर मागचा जिवंत भाग येऊन पडतो आणि झाकून टाकतो. फ्रॉगमध्ये पुढचा भाग कडेला येतो. सुरुवातीला तिथे गोळ्याच्या पृष्ठभागाखाली एक बारीक काळी कोर दिसते, द्वितीयेच्या चंद्रासारखी. मेलेल्या हाडाचं छप्पर खचून मध्ये फट पडते, ती ही कोर. ती कितपत पसरली आहे यावरून किती गोळा गेलाय याचा अंदाज येतो. समोरच्या फिल्मवर त्या वेळी फार तर गोळा जरा लहान, जास्त पांढरा आणि वाटीच्या आतल्या कडेपासून किंचित लांब दिसतो. पुढे तो चपटा होतो, तुकडे तुकडे दिसतात. मात्र प्लेट आपल्या जागीच असते.

म्हणजे दोन्ही आजारांत भानगड पुढे-मागेच घडते आणि समोरची फिल्म पुढे-मागे बघू शकत नाही. दोन आजार, एकच आंधळी बाजू.

लंगडीपटू, तुमच्या आजोबांनी क्षय म्हटलं त्यात त्यांची चूक नव्हती. १९१० मध्ये बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी वेगवेगळं लिहिलं की हा क्षय नाही. त्याआधी एक्स-रे नव्हता तोवर खुब्याची अशी सगळी मुलं क्षयाचीच धरली जात. आपल्याकडे क्षय आजही मनात ठेवावाच लागतो, पण त्यात सांध्यातली मोकळी जागा कमी होत जाते, पर्थेसमध्ये ती सुरुवातीला वाढल्यासारखी दिसते.

---

लंगडीपटू (सकाळी १०:३०)

आजोबांना हे ऐकवायला हवं होतं. त्यांनी माझ्यासाठी रोज एक अंडं सुरू केलं होतं क्षयाच्या भीतीने. ब्राह्मणी वाड्यात, चोरून.

---

अद्वैतचा_बाबा (गुरुवार, संध्याकाळी ६:१०)

काल स्क्रू झाला. चाळीस मिनिटं. टीव्हीवर बघत बघत बसवतात, मांडीवर जेमतेम एक इंचाची चीर. गुडघ्याचं दुखणं आज सकाळी गेलंय. दीड महिना ज्या गुडघ्याला तेल लावलं त्याला कुणी हातही लावला नाही, आणि तो बरा झाला. आई फारसं बोलत नाहीये.

कुबड्या सहा आठवडे. थायरॉईड नॉर्मल, डी जीवनसत्त्व कमी.

आता नवा प्रश्न. डॉक्टर म्हणतात डावीकडेही पुढे सरकण्याची शक्यता बरीच असते. दोन वाटा आहेत. एक, चांगल्या बाजूलाही आताच स्क्रू. दोन, वाढ संपेपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी दोन्ही फिल्म आणि जरा दुखलं की त्याच दिवशी हजर. त्यांनी दोन्हीचं समर्थन केलं आणि सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं. काही दुखत नसलेल्या पायावर ऑपरेशन, बायकोचा ठाम नकार आहे.

---

फिजिओ_वारजे (संध्याकाळी ६:४०)

मी बायकोच्या बाजूने, पण तुमच्या घरात तीन-चार महिन्यांची तारीख खरंच पाळली जाणार असेल तर. त्याचं वय १२ आहे, अजून काही वर्षं प्लेट उघडी राहील.

---

किरणवाली (संध्याकाळी ७:०२)

मी उलट म्हणेन. "दुखलं की येऊ" म्हणणारे पालक मी रोज बघते. तुमच्या पोराने दीड महिना गुडघा सांगितला आणि खुबा कुणी बघितला नाही, त्यात तुमचाही दोष नव्हता. पुढच्या वेळी तो तरी सांगेल का, सायकल हवी असेल तर?

---

जुनी_फिल्म (रात्री ९:१५)

या प्रश्नावर मोठमोठे सर्जन अजून दोन गटांत आहेत, त्यामुळे इथे निकाल लागणार नाही. थायरॉईड बिघडलेलं असतं किंवा तो १० च्या आत असता तर मी लगेच स्क्रू म्हटलं असतं. इथे तसं नाही. फ्रॉग फिल्मवर डाव्या बाजूची प्लेट उतरती किती आहे हेही डॉक्टरांना विचारा, त्यावर बरंच ठरतं. आणि अद्वैतलाही विचारा. पाय त्याचा आहे.

---

अद्वैतचा_बाबा (रात्री १०:२०)

विचारलं. तो म्हणाला, "दुसऱ्या बाजूला स्क्रू घातला तर सायन्सचा पेपरही जाईल का?"

सायकल जिन्याखाली साखळीने बांधून ठेवली आहे. किल्ली बायकोकडे. सोमवारी कळवतो.